येतीन आन् येऊन राह्यले

इंग्रजी येते असं मी आंधी सांगून टाकलं, आन् शिकाले मंग निघालो. माह्या सगळ्या कामाईची हेच रीत.

बुलढाण्याच्या डाकबंगल्यावर बेऱ्याची, म्हंजे सायेबाले चहा-ताट देणाऱ्याची, जागा खाली झाली होती. मी शाळेत गेलतो येकूण अकरा दिवस. बाराव्या दिवशी मास्तरनं पाटीवर श्री काढाले सांगतला, मी थो उलटा काढला, आन् खिडकीतून उडी मारून जो पळालो थो पराटीच्या, म्हंजे कपाशीच्या, वावरात जाऊन लपलो. पण जागेसाठी उभा राह्यलो तं बंगल्याच्या सायेबानं इंग्रजीत कायतरी इच्यारलं. मी छाती काढून म्हनलं, "यस सर." सायेबानं आणखी येक इच्यारलं. "यस सर." सायेब दोन पावलं मांगं सरकले.

खानसामा चाचा मुदपाकखान्याच्या दारात उभे होते. त्याईले इंग्रजी येत नोयती, पण तीस सालाच्या नोकरीत सायेबाचं तोंड वाचता येत होतं. मले बाजूले घेऊन म्हणाले, "अबे, सायेबनं पुच्छा, तुझ्या घरी कोणाले पटकी झाली का. तू यस म्हनला. मंग पुच्छा, तुले झाली का. तू यस म्हनला."

"मंग आता?"

"आता नो म्हन आन् पाय पकड."

मी नो म्हनलं, पाय पकडले, जागा भेटली. तव्हापासून गावात हवा झाली का आपला माणूस सायेबाशी इंग्रजीत बोलते. ते हवा मीच भरली होती, दुसऱ्याले दोष नाई.

आता खरंच शिकणं आलं. बंगल्यावर शाळेचे इन्स्पेक्टर सायेब उतरत, गोरे, उंच, पायाचे आंगठे दुखत म्हून रोज संध्याकाळी गरम पान्यात पाय घालून बसणारे. त्याईचा येक कारकून होता. त्याले आम्ही बाबूजी म्हणो. माणूस शिकलेला, बोलणं येकदम शुद्ध. त्याच्या पायाची मालिश करून मी इंग्रजी शिकलो. पोटरीपासून गुडघ्यापावतर येक वाक्य, असा भाव होता.

बाबूजी डोळे मिटून सांगत, "आय ॲम गोइंग. म्हणजे मी जात आहे, आत्ता, या क्षणी. आय विल गो. म्हणजे मी जाईन, उद्या, परवा. कळलं?"

मी माह्या डोक्यात दोन खुंट्या ठोकल्या. शेपटाले 'इंग' वाजलं का थो बैल आत्ताच्या खुंटीले. 'विल' आलं का उद्याच्या खुंटीले. बस. याच्यापेक्षा जास्त इंग्रजी सायेबाले तरी काहाले लागते, असं मले वाटे.

आता खरी गोष्ट. आमच्या गावात बोर्डाची येकशिक्षकी शाळा होती, मारुतीच्या देवळामांगं. हजेरी कमी पडते म्हून ते शाळा बंद करून नदीपल्याडच्या गावच्या शाळेत मिळवाची असं चाललं होतं. इन्स्पेक्टर सायेब येऊन पाहतीन, आन् जेवढी पोट्टे बसलेली दिसतीन त्याच्यावर ठरवतीन. पोरं नदी पार करून जातीनही येकवेळ. पण माह्या मोठ्या बहिणीची पोरगी तिसरीत होती, साऱ्या शाळेत तेवढीच येक पोरगी. नदीपल्याड तिले कोणी धाडणार नोयतं. शाळा गेली का तिची पाटी गेली, हे आमच्या घरात लहानमोठ्याले मालूम होतं.

आन् दिवस कोणते? कापूस येचाचे. येचणीच्या दिवसात पोट्टं शाळेत कोण बसवते? पाटलानं सगळ्या घरी फिरून येक कबूल करून घेतलं होतं: ज्या दिवशी सायेब येतीन त्या येका दिवशी सगळे आपापली पोरं वावरातून काढून शाळेत बसवतीन. येकच दिवस. तं थो दिवस कोणता, हे सांगाचं काम माह्यावर. इंग्रजीवाला मी!

शनिवारी संध्याकाळी सायेब व्हरांड्यात चहा घेऊन राह्यले होते. बाबूजीनं आमच्या गावच्या शाळेचं इच्यारलं. मी टरे घेऊन कान टवकारून उभा. सायेबानं डोंगराकडं पाह्यलं, जांभई देली आन् म्हनलं, "परहॅप्स आय विल गो ऑन ट्यूज्डे."

ट्यूज्डे मले येत होतं, धोबी ट्यूज्डेले येई. विल तं आपलं उद्याच्या खुंटीचं. राह्यलं येक परहॅप्स. सायेबानं नवं घोडं घेतलं होतं. मले वाटलं, परहॅप्स हे त्या घोड्याचं नाव. म्हंजे मंगळवारी परहॅप्सवर बसून जातीन. येकदम पक्कं काम.

दुसऱ्या दिवशी इतवारचा बजार. बाई मिरच्या घेऊन आली होती, मोठ्या बहिणीले आम्ही बाईच म्हणो. संग पोरगी होती.

"काय बापा, कळलं का?"

"मंगळवार. घोड्याच्या नावासकट सांगतो."

"नक्की?"

"बाई, सायेबाच्या तोंडून विल ऐकलं मी. विल!"

पोरीनं इच्यारलं, "मामा, विल म्हंजे काय?"

"विल म्हंजे सूर्य पूर्वेले उगवते, तसं."

बाईनं मिरच्या तशाच राहू देल्या आन् पाटलाले सांगाले उलटपावली गावाले गेली.

सोमवारी संध्याकाळी सायेबाचे पाय घमेल्यात होते, मी वरतून गरम पानी टाकत होतो. बाबूजी मोठी वही घेऊन बसले होते. सायेबानं वही पाह्यली आन् म्हनलं, "आय ॲम मीटिंग द डेप्युटी कमिशनर टुमारो." मंग वहीवर बोट ठेवून आमच्या गावचं नाव घेतलं आन् म्हनलं, "आय ॲम गोइंग देअर ऑन थर्सडे."

मी सायेबाकडं पाह्यलं. पाय घमेल्यात. मीटिंग नाई का गोइंग नाई. पाय गरम पान्यात घालून कोण कुठं जाऊन राह्यलं? आन् वरतून टुमारो! उद्याच्या बैलाले आत्ताच्या खुंटीले बांधलं होतं सायेबानं. मले हसू आलं. तांब्या तसाच हातात धरून मी मनात म्हनलं, सायेबाची इंग्रजी कच्ची आहे, बिचाऱ्यानं बाबूजीची मालिश करून शिकाले पाह्यजे.

हे मी रात्री चाचाले बोलूनही दाखवलं. चाचा वांगे चिरत होते. मान हलवून म्हणाले, "इंग्रजी मले मालूम नाई. पण जुम्मेरातचा, गुरुवारचा, डबा बांधाले सांगतला हाय. बैलाची दमनी सांगतली हाय. मंगळवारचं तं कोणी काईच नाई सांगतलं."

"चाचा, तुम्ही भाज्या पाहा. भाषा माह्यावर सोडा."

मंगळवारी सकाळी डेप्युटी कमिशनरची मोटार आली आन् सायेबाले घेऊन गेली. घोडं तबेल्यात कडबा खात उभं. मी त्याच्यापाशी गेलो, हळूच म्हनलं, "परहॅप्स?" त्यानं शेपटी हलवून माशी उडवली.

मी बाबूजीकडं पळालो. म्हनलं, "बाबूजी, सायेब तं म्हनले होते आय विल गो ऑन ट्यूज्डे!"

"परहॅप्स म्हणाले होते. म्हणजे कदाचित."

"कदाचित हे घोडं नाई?"

बाबूजीनं चष्मा काढला. मंग सांगतलं सगळं. "अरे, तेव्हा साहेबांच्या मनात नुसतं आलं, तोंडातून निघालं. जागेवर सुचलेलं, त्याला विल. मग वही उघडली, डेप्युटी कमिशनरांना निरोप गेला, गाडी सांगितली, सगळं ठरलं. ठरलेल्याला ते आय ॲम गोइंग म्हणतात. दिवस पुढचाच असला तरी."

"पण तुम्ही तं सांगतलं इंग म्हंजे आत्ता!"

"तेही खरं आहे. पण वाक्यात टुमारो असलं, थर्सडे असलं, की ते पुढचं ठरलेलं. पुस्तकात तो धडा पुढे आहे. तुझी मालिश तिथपर्यंत पोचली नाही." मंग जरा नरम झाले. "आणि तू नाही का बोलत? 'उद्या चिखलीला चाललो' म्हणतोस. तेव्हा काय पाय उचललेला असतो? आणि 'जाईन कधी चिखलीला' म्हणतोस, तेव्हा?"

मी खालीच बसलो. हाव ना! 'पाहुणे उद्या येऊन राह्यले' म्हनलं का बाई दळण काढते. 'येतीन पाहुणे' म्हनलं का कूसही बदलत नाई. चाळीस पिढ्यांपासून हे आमच्या घरात चालून राह्यलं, आन् मी ते विकून खुंट्या घेतल्या.

"मंग विल म्हंजे खोटं?"

"खोटं कशाला? वचन देतानाही विल म्हणतात. आणि पाऊस पडेल, याला तर विलच. पाऊस कोणाशी ठरवून येत नाही. विल म्हणजे खोटं नाही, पण वहीत चढलंय असंही नाही."

म्हंजे त्याच घडीले, पाच कोसावर, माह्या गावात सगळी पोट्टे आंघोळ करून, तेल लावून, हात बांधून देवळामांगं बसली होती. वावरं सोडून. कापूस बोंडातून लोंबत होता. आन् सायेब डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यावर मीटिंग करून राह्यले होते.

मी बाबूजीले सुट्टी मांगतली. नाई भेटली. उद्या बंगल्यावर खाना होता, परवा मलेच डबा घेऊन सायेबाच्या संग जाचं होतं. म्हंजे आमच्याच गावाले. दोन दिवस मी त्या बंगल्यात कोंबडीसारखा फिरलो. फाटक उघडं, रस्ता मोकळा, आन् मले जाता येत नाई. ताटं पुसता पुसता येकच ताट मी चार डाव पुसलं. चाचा म्हणाले, "अबे, नक्षी निघून जाईन."

बुधवारी पहाटे येक कासार आमच्या गावाकडं बांगड्या घेऊन चालला होता. मी फाटकातून त्याचा हात धरला. म्हनलं, "पाटलाले सांग, सायेब गुरुवारी येऊन राह्यले. आता खरंच. येतीन नाई, येऊन राह्यले!"

कासार म्हणे, "कोणी सांगतलं म्हनू?"

तथं माही जीभ अडखळली. माह्यं नाव सांगतलं तं कोणी ऐकणार नाई. दुसऱ्याचं सांगाव तं कोणाचं? शेवटी म्हनलं, "माह्यंच सांग." आयुष्यात येक डाव खरं बोललो, आन् तेच नडलं.

गुरुवारी सकाळी निघालो. सायेब घोड्यावर पुढं, मांगून दमनीत बाबूजी, डबा आन् मी. गावची शीव आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूले पांढरी पराटी. आन् पराटीत डोकी. लहान डोकी. मी मोजाले लागलो. पाटलाची दोन. तेल्याची तीन. कोतवालाचं येक, त्याच्या डोक्याले अजून मंगळवारचं तेल होतं. साऱ्याईच्या कमरेले कापूस भराच्या वट्या बांधलेल्या. थे पोट्टे मले पाहून हात हलवून राह्यली, "आबे थो पाहा, इंग्रजीवाला!"

पुढच्या वावरात बाई होती. तिच्या बाजूले पोरगी, वटीत कापूस, बोटं बोंडाच्या काट्यानं फाटलेली. पोरीनं पुढं घोड्यावर सायेब पाह्यले. मंग दमनीत मले पाह्यलं. ते हसली नाई. वटी खाली टाकली आन् वावरातून शाळेकडं पळत सुटली. मले दमनीतून उडी मारून तिच्यासंग पळावसं वाटलं. पण मांडीवर सायेबाचा डबा होता, त्यात सूप होतं.

शाळेत मास्तर उभे, आन् समोर सात पोट्टे. आठवी आमची पोरगी, धापा टाकत, केसात पराटीची पानं. मास्तरच्या तोंडाचं रगत उडालं होतं. सायेबानं हजेरीचं बुक पाह्यलं, मंग पोट्टे पाह्यली, मंग पुन्हा बुक. बुकात नावं चाळीसच्या वर. बाहेर सारं गाव जमा झालं. पाटील पागोटं सावरत आले.

मास्तर हात जोडून बाबूजीले म्हणाले, "सायेबाले सांगा, मंगळवारी समदे होते. येकूण येक. संध्याकाळपावतर बसले होते."

सायेबानं इच्यारलं असन, मंगळवारी कसे काय? कारण मास्तरनं, पाटलानं आन् साऱ्या गावानं येकाच वेळी माह्याकडं पाह्यलं. मी डबा छातीशी धरला.

पाटील म्हणाले, "काल बी यानं कासाराच्या हाती निरोप धाडला. आम्ही म्हनलं, येक दिवस बुडवला, आता आणखी बुडवते लेकाचा."

बाबूजीनं सायेबाले सगळं सांगतलं. घोड्याचंही सांगतलं. सायेब खो खो हसले. पण हसून झालं, आन् जे डोळ्याले दिसलं तेच बुकात लिहिलं. आठ. सायेबाचं बरोबर होतं, डोळ्यापुढं आठच होती. त्याईनं पोरीले वाचाले सांगतलं. ते धापा टाकत घडघड वाचली. मान डोलवली सायेबानं, पण आठाचे नऊ नाई झाले.

सायेब निघाले. येक पाय रिकिबीत. पाटील आडवे झाले, मास्तर रडकुंडीले आले. तव्हा सायेबानं मास्तरच्या खांद्यावर हात ठेवून म्हनलं, "ऑल राइट. आय विल कम अगेन."

मास्तरले थोडी इंग्रजी येत होती. थे उडालेच. "सायेब पुन्हा येतो म्हणतात!" सारं गाव टाळ्या पिटाले लागलं. कोणीतरी नारळ आणाले पळालं.

पण सायेबानं म्हनलं काय? विल! साऱ्या गावात मीच येकटा होतो ज्याले ते ऐकू आलं. वही पिशवीतच. दिवस नाई, वार नाई. डोंगराकडं पाहून म्हनलेलं थेच विल, फक्त या डाव जांभई नोयती. आता गप बसलो तं गाव खुश, सायेब खुश, आन् मी बी सुटलो. बोललो तं बेऱ्याची जागा जाते. पोरगी देवळाच्या पायरीवर उभी राहून माह्याकडंच पाहून राह्यली होती. तिनं टाळी वाजवली नोयती. तिले मीच सांगतलं होतं, विल म्हंजे सूर्य उगवते तसं.

मी डबा खाली ठेवला. जाऊन घोड्याचा लगाम धरला.

"सायेब," मी म्हनलं, "विल नो. विल नो गुड. कमिंग! आय ॲम कमिंग! विच डे?"

बाबूजी वरडले, "अरे, तू कुठे कमिंग? सोड तो लगाम!"

"मी नाई बाबूजी, थे कमिंग! वहीत कमिंग!"

सायेब आंधी लाल झाले. मंग पाय रिकिबीतून काढला. माह्याकडं बराच वेळ पाह्यलं, जसं पटकीच्या दिवशी बंगल्याच्या सायेबानं पाह्यलं होतं. आन् बाबूजीकडं हात केला. वही निघाली. पानं पालटली. बाबूजीनं कायतरी दाखवलं, सायेबानं येक नाव खोडलं, दुसरं लिहिलं. मंग मास्तरकडं नाई, पाटलाकडं नाई, माह्याकडं वळून, लहान पोराले सांगतात तसं हळू हळू म्हनलं, "आय. ॲम. कमिंग. बॅक. ऑन. द ट्वेंटिएथ."

मी वळून गावाले वरडलो, "वीस तारीख! येऊन राह्यले!"

कोणीच टाळी वाजवली नाई. बाई गर्दीतून पुढं आली, माह्याकडं पाहूनही न पाह्यल्यासारखं केलं आन् बाबूजीले म्हनली, "तुम्ही सांगा जी. याचं काई खरं नाई."

"हो बाई," बाबूजी म्हणाले, "या वेळी खरं आहे."

सायेब वीस तारखेले आले. परहॅप्सवर बसूनच आले. मी तं त्या घोड्याचं नाव मंग तेच ठेवलं, हाक मारली का कधी येई, कधी नाई. येचणी शेवटची होती, तरी चाळीसच्या वर पोट्टे बसली. शाळा राह्यली. माही नोकरीही राह्यली. चाचाचं म्हणणं होतं, असा हसवणारा बेरा सायेबाले आठ रुपयात दुसरा भेटला नसता. गावात मात्र माह्यं नाव गेलं आन् 'विल' राह्यलं. बुढ्या माणसानंही इच्यारावं, "काय विलभाऊ, आज पाऊस येईन का येऊन राह्यला?"

"पाऊस येईन," मी सांगो. "पाऊस वहीत लिहत नाई."

मास्तरनं मले येक सजा देली. सुट्टीवर गावाले आलो का शाळेत शेवटच्या ओळीत बसाचं आन् आंधी मराठी शिकाची. पह्यल्याच दिवशी पाटीवर श्री काढाले लावला. या डाव खिडकीतून उडी माराले जागा नोयती, पोट वाढलं होतं.

पोरगी चौथी पास झाली. पुढं तिचं लग्न होऊन ते रोहिणखेडकडं गेली. येका दिवाळीच्या आंधी तिचं कार्ड आलं, तिच्या हातचं, माह्या नावावर आलेलं पह्यलंच. बंगल्यावर कोणाले वाचाले देलं नाई. म्हनलं, आता आपल्यालेच येते. मुदपाकखान्यामांगं बसून येक येक अक्षर लावाले लागलो. पह्यल्या दिवशी 'मामास नमस्कार' लागला. दुसऱ्या दिवशी आंघोळ, दिवे, लेकराचा खोकला. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची ओळ धरली. 'मी दि... दिवा... दिवाळीले... ये...' तथं अडकलो. येऊन का येईन, पुढचं अक्षर ऊ का ई, बोट ठेवून डोळे बारीक करून पाहतच राह्यलो.

"मामा," फाटकातून कोणीतरी म्हनलं, "येऊन राह्यली असं लिहिलं हाय मी त्यात. घ्याले काऊन नाई आले मंग?"

मान वर केली तं पोरगी उभी, कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडं, आन् माह्यं बोट अजून त्या ऊवरच होतं.